तीन ओळींची दुरुस्ती, दीड दिवसाची तपासणी

२६ जून १९९१ रोजी अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन आणि तिच्या लगतच्या मेरीलँड, व्हर्जिनिया, वेस्ट व्हर्जिनिया या राज्यांतली टेलिफोन सेवा कोलमडली. सुमारे ६७ लाख फोन त्या बिघाडात सापडले. त्याच दिवशी हजारो किलोमीटर दूर लॉस एंजेलिसमध्येही तेच घडलं. पुढच्या काही दिवसांत पिट्सबर्ग आणि सॅन फ्रान्सिस्कोची पाळी आली. तारा तुटल्या नव्हत्या, वीज गेली नव्हती, वादळही आलं नव्हतं. या शहरांतल्या कंपन्या वेगवेगळ्या होत्या. त्यांच्यात समान दुवा एकच होता. कॉल कोणत्या मार्गानं जाणार हे ठरवणारे संदेश ज्या यंत्रांतून फिरत होते, ती यंत्रं टेक्सासमधल्या डीएससी कम्युनिकेशन्स या कंपनीनं पुरवलेली होती.

चौकशीत जे निघालं, ते सॉफ्टवेअरच्या धंद्यात आजही सांगितलं जातं. त्या यंत्रांतला प्रोग्रॅम काही दशलक्ष ओळींचा होता. मूळ आवृत्तीची तपासणी तेरा आठवडे चालली होती आणि ती नीट पार पडली होती. त्यानंतर कंपनीनं त्यात एक छोटी दुरुस्ती केली. बदलल्या होत्या फक्त तीन ओळी. एवढ्यासाठी पुन्हा तेरा आठवडे घालवायची गरज नाही, असं ठरलं आणि दुरुस्ती तशीच रवाना झाली. त्या तीन ओळींपैकी एकीत `D` असायला हवं होतं तिथे `6` पडलं होतं. यंत्रावर संदेशांची गर्दी झाली की शेजारच्या यंत्रांना ‘जरा दमानं’ असं कळवण्याची सोय प्रोग्रॅममध्ये होती. ती या एका अक्षरामुळे निकामी झाली. त्यामुळे एरवी सहज पचला असता असा किरकोळ बिघाड झाला, तरी संदेशांचा लोंढा उसळायचा, यंत्र बसायचं आणि तो लोंढा जोडीच्या यंत्रावर जाऊन तेही बसायचं. पूर्ण तपासणी न करता ही दुरुस्ती पाठवल्याचं कंपनीच्या अधिकाऱ्यांना अमेरिकी संसदेच्या समितीसमोर मान्य करावं लागलं.

या घटनेतला मुद्दा लक्षात घेण्याजोगा आहे. निर्णय घेणारी माणसं बेफिकीर नव्हती. तेरा आठवडे तपासणी करणाऱ्या कंपनीला बेफिकीर कसं म्हणायचं? बदल किती मोठा आहे हे त्यांनी ओळी मोजून ठरवलं, एवढंच.

हीच मोजणी आज पुण्यातल्या छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या कामात रोज होते. फरक इतकाच की ती बहुतेक वेळा क्लायंटच्या बाजूनं होते, आणि त्याच्या जागेवरून पाहिलं तर ती अगदी रास्तही असते. चूक सापडली, ती कुठे आहे हे कळलं, दुरुस्तीही झाली असं फोनवर सांगितलं गेलं. मग ‘उद्या संध्याकाळी देतो’ असं का? ज्याचं दुकान अडलं आहे, त्यानं हे विचारलंच पाहिजे. आणि त्याला ‘आमची पद्धतच तशी आहे’ याहून चांगलं उत्तर मिळालं पाहिजे. ते उत्तर पाच-सहा वाक्यांच्या पत्रात देता येतं. मात्र ते लिहिण्याआधी त्या दीड दिवसात काय होतं, हे लिहिणाऱ्याला ठाऊक हवं.

एक उदाहरण तपशिलात पाहू. समजा, सांगलीत मसाल्यांचे एक घाऊक व्यापारी आहेत. त्यांच्या दुकानाचं बिलिंग सॉफ्टवेअर पुण्याच्या एका छोट्या कंपनीनं बनवलेलं आहे. मसाल्यावर पाच टक्के जीएसटी, म्हणजे बिलावर अडीच टक्के सीजीएसटी आणि अडीच टक्के एसजीएसटी. एक दिवस त्यांचं एक गिऱ्हाईक तक्रार करतं, की १०७ रुपयांच्या मालाच्या बिलात कर कमी लागला आहे. १०७ चे अडीच टक्के होतात २.६७५ रुपये. पैशांत बसवायचे तर २.६८. बिलावर मात्र दोन्ही ठिकाणी २.६७ छापलं आहे. एकूण रक्कम ११२.३६ हवी, ती ११२.३४ आली. दोन पैशांचा फरक. गिऱ्हाइकाच्या हिशेबनीसाच्या संगणकात खरेदी ११२.३६ पडते, बिल ११२.३४ चं असतं, आणि महिन्याच्या शेवटी असली पंधरा-वीस बिलं जमली की ताळा लागत नाही.

डेव्हलपरला कारण लगेच सापडतं. कर पैशांपर्यंत आणणारी ओळ पायथॉन भाषेत अशी आहे:

```
round(107 * 2.5 / 100, 2)    # 2.67
```

संगणक साध्या अपूर्णांकी संख्या दोनच्या पटींत साठवतो. आपल्या दशमान पद्धतीत एक तृतीयांश पूर्ण लिहिता येत नाही, ०.३३३ असं करत कुठेतरी थांबावं लागतं. तसंच दोनच्या पटींत २.६७५ नेमकं मावत नाही. साठवलं जातं ते २.६७४९९९९९… असं, खऱ्यापेक्षा केसभर कमी. मग त्याचं दोन दशांशांपर्यंत पूर्णांकन केलं की उत्तर २.६७ येणारच. संगणकानं गणित चुकवलेलं नाही, त्याच्या हाती आलेली संख्याच थोडी वेगळी होती.

यावर एक सर्रास वापरला जाणारा उपाय आहे. रकमेला शंभरनं गुणायचं, त्यात अर्धा मिळवायचा, अपूर्णांक कापून टाकायचा आणि पुन्हा शंभरनं भागायचं. डेव्हलपर तो लिहितो आणि तक्रारीतलं बिल पुन्हा काढून बघतो:

```
def paise(x):
    return math.floor(x * 100 + 0.5) / 100

paise(2.675)     # 2.68
```

बिल बरोबर आलं. दहा मिनिटांचं काम. ज्या तक्रारीसाठी ही सगळी धावपळ झाली, ती मिटली. क्लायंटच्या दृष्टीनं, आणि खरं तर डेव्हलपरच्याही दृष्टीनं, गोष्ट इथे संपायला हरकत नाही. टेस्टरचं काम इथून सुरू होतं.

टेस्टर पहिला प्रश्न विचारतो: असं आणखी कोणत्या रकमांना होऊ शकतं? अडीच टक्के काढल्यावर नेमका अर्धा पैसा उरतो अशाच रकमांना. त्या शोधणं सोपं आहे. वीस पैसे, साठ पैसे, एक रुपया, एक रुपया चाळीस पैसे अशा दर चाळीस पैशांनी त्या येत राहतात. १०७ रुपये ही त्यांतली एक. एक हजार रुपयांपर्यंत अशा एकूण २५०० रकमा होतात. हातानं तपासायच्या तर आठवडा जाईल, पण दहा ओळींचा प्रोग्रॅम त्या डोळ्यांचं पातं लवतं न लवतं तोच तपासतो. प्रत्येक रकमेचा कर पूर्ण संख्यांत, पैशांच्या हिशेबानं, वेगळ्या वाटेनं काढायचा आणि दुरुस्त केलेल्या ओळीच्या उत्तराशी ताडून पाहायचा.

ही यादी चालवल्यावर चुकणाऱ्या रकमांत ४०.२० रुपयेही निघतात. त्याचे अडीच टक्के १.००५, म्हणजे कर १.०१ लागायला हवा. नवी दुरुस्ती देते १.००. कारण जुनंच आहे. १.००५ हीसुद्धा संगणकात केसभर कमी साठवली जाते. तिला शंभरनं गुणल्यावर १००.५ ऐवजी १००.४९९९… येतं, त्यात अर्धा मिळवला तरी १०१ गाठलं जात नाही, आणि कापणीत तो अर्धा पैसा निघून जातो. १०७ च्या बाबतीत गुणाकार योगायोगानं नेमका २६७.५ वर येऊन टेकला, म्हणून तिथे उपाय चालला. म्हणजे दुरुस्तीनं तक्रारीतलं बिल सुधारलं होतं, चूक तशीच शिल्लक होती. ही दुरुस्ती त्याच संध्याकाळी सांगलीला गेली असती, तर व्यापाऱ्यांनी गिऱ्हाइकाला ‘आता ठीक झालंय’ असा शब्द दिला असता आणि आठवड्याच्या आत दुसऱ्या कुणाचं तरी ४०.२० चं बिल हातात आलं असतं. पैशांपेक्षा तो शब्द महाग पडतो.

दुसरा प्रश्न याहून महत्त्वाचा. ही ओळ आणखी कोण कोण वापरतं? बिल छापणारा भाग वापरतो हे उघड आहे. पण कर काढण्याचं काम एकाच जागी लिहायचं आणि गरज असेल तिथून बोलवायचं, ही चांगल्या प्रोग्रॅमची रीत आहे. त्यामुळे कोटेशन, दिवसाची विक्री, जीएसटीआर-१ साठी निघणारी यादी आणि माल परत आला तर निघणारी क्रेडिट नोट, हे सगळे भाग त्याच ओळीवर उभे असतात. डेव्हलपरनं यांतलं काहीही उघडलेलंसुद्धा नसतं. तरीही तिन्ही-चारी ठिकाणी बदल झालेला असतो.

क्रेडिट नोटमध्ये रक्कम उणे असते. टेस्टर १०७ रुपयांचा माल विकतो आणि लगेच परत घेतो:

```
paise(2.675)     # 2.68
paise(-2.675)    # -2.67
```

विकताना कर २.६८ लागला, परत घेताना २.६७ वजा झाला. उणे संख्येत अर्धा मिळवून खाली कापलं, की ती शून्याकडे सरकते. गिऱ्हाइकाचं खातं शून्यावर यायला हवं होतं, तिथे सीजीएसटीचा एक आणि एसजीएसटीचा एक असे दोन पैसे लटकले. मुद्दा असा, की दुरुस्तीपूर्वी ही तक्रार नव्हतीच. आधी विक्रीत २.६७ आणि परतीतही २.६७ यायचे. दोन्ही चुकीचे, पण एकमेकांना जुळणारे. खातं साफ मिटत होतं. दुरुस्तीनं एक चूक काढली आणि जिथे सगळं सुरळीत चाललं होतं तिथे नवी आणून ठेवली. या प्रकाराला टेस्टर ‘रिग्रेशन’ म्हणतात. छोट्या दुरुस्तीनंतर जो वेळ मागितला जातो, त्यातला बराचसा हिच्यासाठी असतो. दुरुस्त केलेली गोष्ट चालते का, हे बघायला पाच मिनिटं पुरतात. ज्यांना हातही लावला नाही त्या गोष्टी अजून चालतात का, हे बघायला वेळ लागतो.

या दोन्ही चुका एका बदलानं जातात. पायथॉनमध्ये दशमान पद्धतीनंच आकडे साठवणारा `Decimal` नावाचा प्रकार आहे. त्यात पूर्णांकनाचा नियमही स्पष्ट सांगता येतो:

```
(Decimal("107") * Decimal("2.5") / 100).quantize(
    Decimal("0.01"), rounding=ROUND_HALF_UP)
```

इथे शेवटचा शब्द गाळला तरी १०७ चं उत्तर बरोबरच येतं, आणि म्हणून तो गाळण्याचा मोह होतो. पण तो नसेल तर संगणक ‘बँकर्स राउंडिंग’ या नावानं ओळखला जाणारा नियम लावतो. त्यात अर्धा पैसा जवळच्या सम आकड्याकडे जातो. १०५ रुपयांचे अडीच टक्के २.६२५ होतात. त्या नियमानं कर २.६२ येतो, व्यापाऱ्याच्या अपेक्षेप्रमाणे तो २.६३ हवा. तीच २५०० रकमांची यादी हेही लगेच दाखवते. नियम नेमका कोणता लावायचा, हे डेव्हलपरनं परस्पर ठरवू नये. व्यापाऱ्यांच्या सीएंना एक फोन करून विचारावं. असा एक फोनही त्या दीड दिवसात मोजलेला असतो.

तिसरी गोष्ट जुन्या बिलांची. इथे गणित बरोबर असूनही गोंधळ होतो. पुष्कळ छोट्या सॉफ्टवेअरमध्ये बिलातला माल, नग आणि दर साठवलेला असतो. कर मात्र बिल उघडताना नव्यानं काढला जातो. मागच्या महिन्यात ११२.३४ चं बिल दिलं, ते तसंच गिऱ्हाइकाच्या वहीत गेलं, तोच आकडा जीएसटीआर-१ मध्ये भरला गेला. दुरुस्ती बसल्यावर कुणी त्याच बिलाची दुसरी प्रत मागितली, की छपाईयंत्रातून ११२.३६ बाहेर येतं. एकाच क्रमांकाची, एकाच तारखेची दोन बिलं, आकडे वेगळे. त्या बिलावरचा माल आता परत आला, तर क्रेडिट नोट नव्या हिशेबानं निघते आणि पुन्हा पैसे लटकतात.

हे उघडकीला आणण्याची एक जुनी, कष्टाची आणि खात्रीची रीत आहे. क्लायंटच्या माहितीची प्रत वेगळ्या संगणकावर घ्यायची. त्यातली गिऱ्हाइकांची नावं आणि नंबर पुसायचे. मग गेल्या महिन्याची सगळी बिलं एकदा जुन्या प्रोग्रॅममधून काढायची, एकदा नव्यातून, आणि दोन याद्या शेजारी ठेवायच्या. जिथे फरक दिसेल ते प्रत्येक बिल माणसानं बघायचं. अपेक्षा अशी असते, की फरक फक्त अर्ध्या पैशाच्या रकमांतच निघावा आणि तोही प्रत्येक करात एकाच पैशाचा. त्यापलीकडे एकही फरक दिसला, तर त्याचं कारण कळेपर्यंत दुरुस्ती जागची हलत नाही. आपल्या उदाहरणात या तुलनेतून धडधडीत दिसतं, की जुन्या तारखांची बिलंही बदलत आहेत. मग ठरतं, की आधी दिलेल्या बिलांचे आकडे दिले तसेच गोठवायचे, परतीचा कर मूळ बिलावरूनच घ्यायचा आणि नवा नियम दुरुस्ती बसल्यानंतरच्या बिलांनाच लावायचा.

एवढं झाल्यावर क्लायंटला काय लिहायचं, ते सोपं होतं. वर सांगितलेलं सगळं पत्रात ओतण्याची गरज नाही. दुकानदाराला दशमान आणि द्विमान पद्धतींचं काही देणंघेणं नसतं. त्याला बिलं, परती, विवरण आणि तारीख एवढं हवं असतं. पहिल्या दिवशी दुपारी जाणारं पत्र असं असू शकेल:

‘नमस्कार साहेब. १०७ रुपयांच्या बिलात कर एक-एक पैसा कमी का लागला, ते सापडलं आहे आणि दुरुस्ती लिहून तयार आहे. ती उद्या रात्री दुकान बंद झाल्यावर बसवू. आज लगेच बसवत नाही, कारण कर काढणारा हा भाग परतीची बिलं आणि जीएसटीआर-१ ची यादी यांनाही लागतो. तिथे काही बिघडू नये म्हणून तुमच्या गेल्या महिन्याच्या बिलांच्या प्रतीवर जुना आणि नवा हिशेब ताडून बघतो आहोत. आधी दिलेली बिलं बदलणार नाहीत. तोपर्यंत बिलिंग नेहमीसारखं चालू ठेवा. फरक दिसलेल्या बिलात हातानं दुरुस्ती करू नका, फक्त क्रमांक लिहून ठेवा. अर्धा पैसा वर धरायचा, याला तुमच्या सीए साहेबांची हरकत नाही ना, एवढं आज विचारून कळवाल का? उद्या दुपारी चार वाजता कुठवर आलं ते कळवतो.’

या पत्रात टेस्टिंग हा शब्दसुद्धा नाही, आणि ते बरंच आहे. ‘टेस्टिंग चालू आहे’ या वाक्यातून क्लायंटला काहीच कळत नाही. तो तपासणीला कंपनीच्या घरचं काम समजतो. परतीची बिलं आणि विवरणाची यादी यांची नावं घेतली, की ते काम कुणासाठी चाललं आहे ते त्याला आपसूक कळतं. कारण परतीचा घोळ निस्तरायला बसावं लागणारा माणूस तोच असतो. हातानं दुरुस्ती करू नका, ही सूचनाही सहज सुचलेली नाही. घाईत कुणी बिलात दोन पैसे ‘इतर आकार’ म्हणून वाढवतं, मग दुरुस्ती बसल्यावर ते दोनदा मोजले जातात. त्यातून निघालेला फरक कोणत्या बिलातून आला, ते शोधताना नाकी नऊ येतात. सर्वात मोलाचं वाक्य शेवटचं आहे. माणूस दीड दिवस थांबायला तयार असतो. काही न कळता थांबणं त्याला जड जातं.

पत्रात एक गोष्ट मुद्दाम लिहिलेली नाही: ‘यानंतर चूक येणार नाही.’ असं कुणीही प्रामाणिकपणे लिहू शकत नाही. एड्सगर डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञानं १९७० च्या सुमारासच बजावलं होतं, की तपासणीनं चुका आहेत हे दाखवता येतं, त्या नाहीत हे सिद्ध करता येत नाही. २५०० रकमांची यादी हजार रुपयांपर्यंतच्या आणि अडीच टक्के दराच्याच रकमांबद्दल बोलते. एका बिलात दहा जिनसा असतील, त्यांतल्या दोघांवर सूट असेल, तर कर जिनसेवार काढून बेरीज करायची की बेरजेवर कर काढायचा, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याची तपासणीही वेगळी. म्हणून काय तपासलं हे सांगणं, ‘सगळं तपासलं’ म्हणण्यापेक्षा जास्त विश्वासार्ह असतं.

प्रत्येक दुरुस्तीला दीड दिवस लागतो, असंही नाही. बिलावर दुकानाच्या पत्त्यात ‘सांगली’ ऐवजी ‘सागंली’ छापलं जात असेल, तर बदलून, एक बिल छापून, अर्ध्या तासात देता येतं. किती वेळ लागेल हे ओळींच्या संख्येवरून ठरत नाही. त्या ओळीवर किती गोष्टी विसंबून आहेत आणि चुकलं तर ते मागे घेता येईल का, यावरून ठरतं. पत्त्याचा बदल फक्त कागदावर दिसतो. कराचा बदल गिऱ्हाइकांच्या वह्यांत आणि सरकारी विवरणात जाऊन बसतो, आणि तिथून तो परत आणता येत नाही. आणि दुकान साफ बंद पडलं असेल, एकही बिल निघत नसेल, तर हिशेब उलटा होतो. तेव्हा आधी जुनी चालती आवृत्ती परत बसवून दुकान सुरू करायचं, आणि दुरुस्ती मागाहून शांतपणे तपासायची.

बसवण्याच्या क्षणीही एक सावधगिरी उरते, आणि तिची किंमत १९ जुलै २०२४ ला जगानं मोजली. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीनं आपल्या ग्राहकांच्या संगणकांवर एक छोटी फाइल पाठवली. ती प्रोग्रॅमची नवी आवृत्तीसुद्धा नव्हती, हल्ले ओळखण्याच्या नियमांची भर होती. असली भर कंपनी नेहमीच घालत असे, आणि हल्लेखोरांच्या पुढे राहायचं तर ती लवकर घालणं भागच होतं. कंपनीच्या स्वतःच्या अहवालानुसार नियम २१ गोष्टी मागत होता आणि प्रोग्रॅम २० च पुरवत होता. एकविसावी वाचायला गेल्यावर विंडोज कोसळलं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर अडकले. भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. आधीच्या तपासण्यांत ती एकविसावी जागा ‘काहीही चालेल’ अशी मोकळी ठेवली जात होती, म्हणून तिथे खरोखर वाचायची वेळ कधी आलीच नव्हती. आणि फाइल टप्प्याटप्प्यानं न जाता सगळ्यांकडे एकदम गेली. पुढे कंपनीनं अशा फायलीही टप्प्यानं पाठवायचं ठरवलं.

सांगलीच्या दुकानात याचं रूप अगदी साधं आहे. रात्री दुकान बंद झाल्यावर आधी माहितीचा बॅकअप घेतला जातो. जुनी आवृत्ती शेजारीच ठेवली जाते, म्हणजे गरज पडली तर दहा मिनिटांत माघार घेता येईल. चार काउंटर असतील तर पहिल्या सकाळी एकाच काउंटरवर नवी आवृत्ती चालते. १०७ चं, ४०.२० चं आणि १०५ चं अशी तीन बिलं दुकानातच काढून कॅल्क्युलेटरशी ताडली जातात. मागच्या महिन्यातल्या एका बिलाची दुसरी प्रत काढून मूळ प्रतीशेजारी धरली जाते. दुपारपर्यंत काही खटकलं नाही की उरलेले तीन काउंटर. पहिला माल परत येईल त्या दिवशी क्रेडिट नोट आणि गिऱ्हाइकाचं खातं पुण्याहून एकदा पाहिलं जातं, आणि महिनाअखेरीला विवरणाची यादी भरण्याआधी बिलांच्या बेरजेशी पुन्हा एकदा जुळवली जाते.

या कामासाठी लिहिलेली २५०० रकमांची यादी, विक्री आणि लगेच परतीची जोडी, आणि जुन्या-नव्या हिशेबाची तुलना टाकून दिली जात नाही. ती प्रोग्रॅमसोबत राहते आणि पुढच्या प्रत्येक बदलानंतर आपोआप चालते. समजा दिवाळीच्या तोंडावर दर बदलला, किंवा बिलात सुटीचा नवा रकाना हवा झाला. तेव्हा यातली बरीचशी तपासणी काही सेकंदांत होऊन जाईल, आणि क्लायंटला जाणाऱ्या पत्रात उद्या रात्रीऐवजी आज रात्रीची वेळ लिहिता येईल.